एकशे ऐंशी डोळे आणि वीस मांजरं

माझी मामी डोळे बसवते. कोणी विचारलं तर ती एवढंच सांगते, आणि समोरचा माणूस चष्म्याचं दुकान असेल असं धरून चालतो. मामी त्याची समजूत दुरुस्त करत बसत नाही. ज्याला खरी गरज असते त्याला डोळ्यांच्या इस्पितळातून पत्ता मिळतोच. अपघातात, आजारात कुणाचा डोळा गेलेला असतो. त्या जागी काचेचा कृत्रिम डोळा बसवायचा, आणि तो शेजारच्या खऱ्या डोळ्याशी इतका जुळवायचा की बघणाऱ्याला कळू नये, हे तिचं काम.

हे काम खरं तर मामाकडे जायचं होतं. त्याच्या वडिलांनी सुरू केलेला धंदा. पण पहिल्याच दिवशी रिकामी खोबण बघून मामा स्टुलावरून जो खाली गेला तो थेट जमिनीवर. मामीच्या लग्नाला तेव्हा तीनच महिने झाले होते. चहा द्यायला आली होती. तिनं नवऱ्याच्या तोंडावर पाणी मारलं, त्याला भिंतीला टेकवून बसवलं, आणि सासऱ्यांच्या हातात पुढचा ट्रे दिला. सासरे म्हणाले, "उद्यापासून तू ये." तेव्हापासून आज एकतीस वर्षं झाली.

मामानं मात्र दुकान सोडलं नाही. मधे पडदा टाकून पुढची अर्धी जागा त्यानं घेतली आणि मोडक्या बाहुल्या, खेळण्यातले अस्वल, ससे दुरुस्त करायला सुरुवात केली. त्याला रक्त नसलेले पेशंट चालतात. आळीतली मुलं त्याला बाहुल्यांचा डॉक्टर म्हणतात, आणि मामीला डोळेबाई. पाटी एकच, पेढी एकच, पडद्याच्या दोन बाजूंना दोन दवाखाने.

मामीचे डोळे परदेशातून येतात. तिथं एक जुनं कुटुंब आहे, चार पिढ्या हेच करतं, एकेक डोळा काच फुंकून हातानं बनवतं. वर्षातून एकदा मामी मागणी पाठवते, माल विमानानं येतो, आणि कस्टममधून तो सोडवून आणायचं काम एक एजंट करतो. हा एजंट मामाचा शाळेतला मित्र. मामीला वहिनी म्हणतो, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "काळजी करू नका" म्हणतो. मामीच्या मते ते ऐकलं की काळजी सुरू करायची.

त्या वर्षी मामी मालाची जरा जास्तच वाट बघत होती. टपाल कचेरीतली एक मुलगी तिच्याकडे यायची. खिडकीवर बसून तिकिटं आणि मनीऑर्डरी करायची, बोलकी, हसरी. गॅसच्या शेगडीचा भडका उडून तिचा उजवा डोळा गेला. जखम भरली, पण साहेबांनी तिला आतल्या खोलीत टपाल निवडायला बसवलं. "लोकांना बरं वाटावं म्हणून," असं तिला सांगितलं गेलं. तिचा उरलेला डोळा मधाच्या रंगाचा, कडेनं बारीक हिरवट वर्तुळ. मामीच्या कपाटात दोनशे डोळे होते आणि त्यात तो रंग नव्हता. मामीनं त्याचा फोटो पाठवून खास चार नग मागवले. मुलगी दर शनिवारी काळा चष्मा लावून यायची आणि विचारायची, "आला का माझा डोळा?"

मग एका मंगळवारी एजंटचा फोन आला. मी तेव्हा दुकानातच होते, मामीच्या जुन्या रजिस्टरांना पुठ्ठे चढवत.

"वहिनी, माल अडकलाय. काळजी करू नका."

"का अडकलाय?"

"तुम्ही माणसांचे डोळे मागवलेत म्हणून."

"दरवर्षी तेच मागवते."

"मीही त्यांना तेच सांगितलं," एजंट म्हणाला. "त्यामुळे जास्तच अडकला."

झालं असं होतं की त्या परदेशी कारखान्यात कागदपत्रं करायला नवीन मुलगी लागली होती. दरवर्षी इन्व्हॉइसवर लिहून यायचं, "काचेचे कृत्रिम डोळे, माणसासाठी." या मुलीनं आटोपशीरपणा केला आणि लिहिलं, "माणसाचे डोळे, नग एकशे ऐंशी." गोदामातल्या माणसानं ते वाचलं, खोक्यापासून चार पावलं मागं सरला, आणि वरच्यांना कळवलं. वरच्यांनी आरोग्य खात्याला कळवलं. आरोग्य खात्याचे डॉक्टर दोन दिवसांनी हातमोजे घालून आले. त्यांनी पहिलं खोकं उघडलं, कापसातला एक डोळा उचलला, नखानं टकटक वाजवून बघितला, आणि "काच आहे" असं लिहून निघून गेले.

इथं घोडं सुटायला हवं होतं. पण खोकी उघडलीच आहेत तर सगळीच बघू म्हणून कस्टमच्या माणसांनी तिसरंही उघडलं. त्यात वेगळे डोळे निघाले. पिवळे धम्मक, मधे उभी काळी चीर, मागं तारेचं कडं. मांजराचे. मोजून चाळीस.

ही बातमी एजंटनं दुकानात येऊन दिली. फोनवर सांगायचा त्याला धीर झाला नाही. मामी ट्रे पुसत होती.

"मांजराचे?" ती म्हणाली.

"चाळीस. म्हणजे वीस मांजरं." एजंटनं घाम पुसला. "आता त्यांचं म्हणणं असं, की तुम्ही खेळण्याचा माल औषधोपचाराचा म्हणून आणताय. कृत्रिम डोळ्याला कर कमी. बाहुलीच्या, प्राण्याच्या डोळ्याला जास्त. आणि तिसऱ्या खोक्याचा आपल्या कागदांत पत्ताच नाही. मी वहिनी, खरं सांगतो, तिसऱ्या खोक्यात दरवर्षीसारखा कॅटलॉग असेल असं समजलो."

 पडद्याच्या पलीकडं मामाची कानस थांबली. मामीनं ट्रे खाली ठेवला आणि पडदा बाजूला केला. मामा एका अस्वलाला मांडीवर घेऊन बसला होता, आणि त्या दोघांपैकी जास्त अपराधी कोण दिसतंय हे सांगणं कठीण होतं.

"अहो," मामी म्हणाली, "तुम्हाला काही सांगायचंय का?"

"त्याचं काय झालं," मामा म्हणाला, "जुन्या मांजरांना हल्ली डोळे मिळत नाहीत. प्लास्टिकचे मिळतात, पण ते बावळट दिसतात. म्हटलं, तुझा माल येतोच आहे, त्यातच एक लहानसं खोकं. वेगळं विमान कशाला?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तू म्हणाली असतीस, माझ्या मालात तुमची मांजरं नकोत."

मामीनं यावर विचार केला. "म्हणालेच असते," ती म्हणाली. "बिल कुठंय?"

बिल मामाच्या ईमेलमध्ये होतं. मामा ईमेल उघडत नाही. पत्र पाठवायचं असेल तर पाठवतो, पण उत्तर आलं का हे बघायला तो अधूनमधूनच जातो, विहिरीत डोकावावं तसा. मी त्याच्या फोनवर शोधलं. दीड महिन्यापूर्वी त्यानं केलेली मागणी सापडली, पेढीच्या नावानं. कारखान्याचं उत्तर सापडलं. आणि माल निघाला त्याच दिवशीच्या तारखेचं दुसरं इन्व्हॉइस सापडलं: "खेळण्यांसाठी काचेचे डोळे, मांजर, नग चाळीस." ते कोणीही उघडलेलं नव्हतं.

एजंटनं ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. मग तोच हात खाली आणून म्हणाला, "काळजी करू नका. मी पत्र देतो."

त्याचं पत्र दुसऱ्या दिवशी गेलं आणि तिसऱ्या दिवशी परत आलं. त्यात "आपणांस नम्र विनंती" चार वेळा होतं, "अनवधानाने" तीन वेळा, आणि मांजर एकदाही नव्हतं. वर लाल पेनानं एकच ओळ होती: "कशाबद्दल लिहिलंय ते कळत नाही. कागदपत्रांसह स्पष्ट लिहा."

"बरोबर लिहिलंय त्यांनी," मामी म्हणाली. "मलाही कळलं नाही."

त्या संध्याकाळी तिनं स्वतः पत्र लिहायला घेतलं. ती सांगत होती, मी टाइप करत होते, एजंट मधे मधे कण्हत होता. मामीनं आधी सगळे कागद टेबलावर पसरले आणि प्रत्येकाला विचारल्यासारखं उचलून बघितलं: हा काय सांगतो? जो काही सांगत नव्हता तो बाजूला. एजंटनं मागच्या सात वर्षांची इन्व्हॉइसं आणली होती. तिनं एकाच वर्षाचं ठेवलं, आणि कारखान्याकडून ईमेलनं मागवलेलं सहीचं पत्र.

विमानानं आलेल्या पार्सलची पावती, म्हणजे एअरवे बिल. तिच्यावर तीन खोकी आहेत, म्हणजे तिसरं कोणी लपवलेलं नाही. पॅकिंग लिस्ट, तिच्या दुसऱ्या पानावर तळाशी लिहिलं होतं, "खोके तीन, पाहा इन्व्हॉइस दोन." एजंटनं दुसरं पान उलटलं नव्हतं. 

"आता लिही," मामी मला म्हणाली.

त्या पत्राची प्रत माझ्याकडे आहे. मधला भाग असा:

"या पार्सलात तीन खोकी आहेत. पहिल्या दोन खोक्यांत माणसाला बसवायचे काचेचे कृत्रिम डोळे आहेत, नग एकशे ऐंशी. ते इन्व्हॉइस एकवर आहेत. त्या इन्व्हॉइसवर 'कृत्रिम' हा शब्द राहून गेला, तसं बनवणाऱ्यांचं सहीचं पत्र सोबत आहे. मागच्या वर्षीचं इन्व्हॉइसही जोडलं आहे, त्यात तोच माल आणि पूर्ण वर्णन आहे. तिसऱ्या खोक्यात खेळण्यातल्या मांजरांचे डोळे आहेत, नग चाळीस. ते इन्व्हॉइस दोनवर आहेत. हे इन्व्हॉइस आम्ही बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे आपल्याकडे केलेल्या मालाच्या नोंदणीत, दाखवलं नाही. ते आमच्याकडे आलेलं होतं, पण आम्ही वाचलं नव्हतं. चूक आमची आहे. मांजराचे डोळे माणसाला बसत नाहीत आणि आम्ही ते तसे विकणारही नाही. नोंदणीत दुरुस्ती करण्याची परवानगी द्यावी. या चाळीस नगांवर जो जास्तीचा कर आणि दंड लागेल तो आम्ही भरू. पहिली दोन खोकी त्यामुळे अडू नयेत, कारण त्यांची वाट माणसं बघत आहेत."

खाली सोबतच्या कागदांची यादी, नऊ कागद, आणि प्रत्येकासमोर तो कशासाठी जोडला आहे त्याची एक ओळ.

"वहिनी," एजंट म्हणाला, "चूक आमची आहे, असं आपण होऊन लिहायचं नसतं. हात दाखवून अवलक्षण."

"चाळीस मांजरांचे डोळे त्यांच्या टेबलावर आहेत," मामी म्हणाली. "मी कुठला हात लपवू?"

"वीस मांजरांचे," मामा पडद्याआडून म्हणाला.

"आणि 'आम्ही' कशाला? पान मी उलटलं नव्हतं," एजंट हळूच म्हणाला.

"पत्र पेढीचं आहे. त्यात आम्हीच असतो." मामीनं सही केली. एजंटनं तो लिफाफा दोन्ही हातांनी घेतला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच काळजी करू नका म्हणाला नाही.

चार दिवसांनी बोलावणं आलं. मी रजा टाकून मामीबरोबर गेले. विमानतळाच्या मालवाहू बाजूला, गोदामाच्या वरच्या मजल्यावर ते ऑफिस. जिना चढताना खालून ट्रॉल्यांचा खडखडाट येत होता. आत लांबट खोली, भिंतीपासून भिंतीपर्यंत फायलींची कपाटं. टोकाच्या टेबलावर अधिकारी मॅडम, पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या, समोर गार झालेला चहा. शेजारच्या टेबलावर हेडक्लार्क, उंच, शांत माणूस, फायलीला दोरी बांधत होता.

मामी दारातून आत शिरली, हेडक्लार्ककडे तिची नजर गेली, आणि तशीच पुढं सरकली. मला तेव्हा काही कळलं नाही.

मॅडमनी पत्र समोर ठेवलं. "हे कोणी लिहिलं?"

"मी," मामी म्हणाली.

"बरं लिहिलंय. इथं येणाऱ्या पत्रांत चूक आमची आहे हे वाक्य मी सहसा बघत नाही." त्यांनी खणातून दोन पुड्या काढल्या. "आता मला फरक दाखवा."

मामीनं रुमाल पसरला. एका बाजूला मांजराचा डोळा ठेवला, दुसऱ्या बाजूला माणसाचा. "हा मांजराचा. भरीव गोळा, मागं तारेचं कडं, खेळण्यात शिवायचा. आणि हा बघा. हा गोळा नाहीच. वाटी आहे, पापणीमागं बसेल इतकी पातळ. आतली कड बघा, बोट फिरवा. कुठं टोचते का? टोचली तर माणूस एक तास घालू शकणार नाही. आणि पांढऱ्या भागात या लाल शिरा. बाहुलीला शिरा लागत नाहीत."

मॅडमनी बोट फिरवलं. मग खिडकीपाशी नेऊन तो डोळा उजेडात धरला. "मांजरांचं मिटलं," त्या म्हणाल्या. "त्यांचा गट वेगळा, कर वेगळा. दुरुस्ती मंजूर करते. पण या एकशे ऐंशींचं मला खात्रीनं कळायला हवं. दुकानांत कपडे घालून उभे केलेले पुतळे असतात, त्यांनाही काचेचे डोळे लागतात. पुतळ्याला असा पातळ डोळा कोणी बसवणारच नाही कशावरून? हे माणसंच घालतात, याला पुरावा काय?"

"माझं रजिस्टर आहे," मामी म्हणाली. "एकतीस वर्षांचं."

"दाखवा."

"नावं झाकून दाखवेन."

"नावं झाकलेलं रजिस्टर हा पुरावा कसा होईल बाई?"

 मामीच्या सासऱ्यांनी तिला पहिल्या आठवड्यात एक नियम सांगितला होता: दुकानाबाहेर कुणाला ओळखायचं नाही. त्यांनी ओळख दिली तर द्यायची. भाजी घेताना, लग्नात, बसमध्ये कितीदा तिच्यासमोर तिचेच डोळे येऊन उभे राहिलेत, आणि ती अनोळखी चेहऱ्यानं पुढं गेली आहे. नवऱ्यालाही ती कधी नाव सांगत नाही.

"माणसं विश्वासानं येतात मॅडम," ती म्हणाली. "काहींच्या घरच्यांनाही माहीत नसतं. माल सुटावा म्हणून मी त्यांची नावं तुमच्या फायलीत घालू शकत नाही."

"मग माझाही नाइलाज आहे." मॅडम कडक बोलल्या नाहीत, पण पेनाला टोपण लावलं. "आणि खरं सांगू, इतका हुबेहूब डोळा कोणी घालून फिरत असेल आणि समोरच्याला कळत नसेल, हे मला पटतच नाही. मी रोज शंभर माणसं बघते. मला कळलं असतं."

शेजारच्या टेबलावर दोरी बांधणं थांबलं.

"मॅडम," हेडक्लार्क म्हणाले, "तुम्ही इथं येऊन किती वर्षं झाली?"

"सहा. का?"

"माझा डावा डोळा बघा जरा."

मॅडमनी बघितलं. मग खुर्ची पुढं घेऊन बघितलं. मग चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कुठला म्हणालात?"

"डावा."

"तुमचा डावा की माझा डावा?"

"माझा डावा. तुम्ही उजव्याकडे बघताय, तो देवानं दिलेला आहे. डावा या बाईंनी दिलाय. कॉलेजात असताना क्रिकेटचा चेंडू लागला होता. दर दोन वर्षांनी नवा करतो, काच घासते ना." ते मामीकडे वळले. "नमस्कार ताई. तुम्ही आत आलात तेव्हा मला वाटलं, आता सांगणार. तुम्ही तर माझ्याकडे खांबाकडे बघावं तसं बघितलंत."

"खांबाला वाईट वाटेल," मामी म्हणाली, आणि हसली.

खोलीतले बाकीचे कारकूनही आता हेडक्लार्कच्या टेबलाभोवती जमले होते. एकानं विचारलं, रात्री काढून ठेवता का. दुसरा म्हणाला, म्हणजे माझ्या रजेच्या अर्जाकडे तुम्ही कानाडोळा करायचात तो या डोळ्यानं. हेडक्लार्क म्हणाले, "तुझ्या अर्जाला मी चांगला डोळा वापरत होतो, म्हणून तर नामंजूर व्हायचा." इतकी वर्षं सांभाळलेली गोष्ट बाहेर पडली आणि आकाश कोसळलं नाही, याचं त्यांनाच नवल वाटत असावं. ते सारखे हसत होते.

मॅडम मात्र जागेवर बसून विचार करत होत्या. "माझी खात्री पटली," त्या म्हणाल्या. "पण हेडक्लार्क, तुमचा डोळा फायलीला जोडता येत नाही."

"नाही मॅडम. टाचणी लागणार नाही."

"म्हणजे कागद लागेल." त्या मामीकडे वळल्या. "तुमच्याकडे पेशंट कोण पाठवतं?"

"डोळ्यांचं इस्पितळ."

"मग इस्पितळाचं पत्र आणा. त्यांच्या शिक्क्याचं. आम्ही या बाईंकडे रुग्ण पाठवतो, त्यांना या प्रकारचे डोळे बसवले जातात, वर्षाला साधारण इतके. कोणाचंही नाव नको. तुमचा नियम राहील आणि माझी फाइलही पुरी होईल."

 "हे मला सुचायला हवं होतं," मामी म्हणाली.

"तुम्ही डोळे बसवता. कागद बसवणं आमचं काम," मॅडम म्हणाल्या, आणि तो गार चहा एका घोटात संपवून टाकला.

इस्पितळाचं पत्र दुसऱ्याच दिवशी मिळालं. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी ते उभ्याउभ्या लिहिलं आणि विचारलं की त्या मांजरांचं काय झालं. तोवर ती गोष्ट सगळीकडे पोचली होती. दहावा कागद म्हणून ते पत्र फायलीत गेलं. एजंटनं नोंदणीत दुरुस्ती केली: इन्व्हॉइस एक, कृत्रिम डोळे, एका गटात, इन्व्हॉइस दोन, खेळण्यांचे डोळे, दुसऱ्या गटात. मांजरांवरचा कर आणि थोडासा दंड मामानं आपल्या गल्ल्यातून भरला. कोणी सांगितलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी माल सोडल्याचा शिक्का पडला आणि एजंट स्वतः टेम्पोत खोकी मांडीवर घेऊन आला. पॅकिंग लिस्टची दोन्ही पानं त्यानं मामीसमोर उलटून दाखवली, आणि मग कोरी मागची बाजूसुद्धा.

शनिवारी टपाल कचेरीतली मुलगी आली. मामीनं पडदा ओढून घेतला. आतून मामीचा आवाज येत होता, "वर बघ. आता खाली. पापणी सैल सोड."  मागवलेल्या चार डोळ्यांपैकी पहिला किंचित मोठा, दुसरा बसला पण रंग उजेडात हिरवा जास्त. तिसरा मामीनं पाण्यातून काढला आणि बसवला, आणि मुलीच्या हातात आरसा दिला.

"हा कुठला?" मुलीनं विचारलं.

"कुठला काय?"

"नवा कुठला?"

मामी मोठमोठ्यानं हसत सुटली. मला ते पडद्याबाहेर ऐकू आलं, मामालाही आलं. मुलगी बाहेर आली तेव्हा काळा चष्मा तिच्या हातात होता. तो कुठं ठेवावा तिला कळेना. मामा म्हणाला, इथं ठेव, माझ्या अस्वलाला बरा दिसेल. तीन आठवड्यांनी तिला खिडकीवर परत बसवलं. साहेबांनी स्वतःहून नाही, तिनं अर्ज केला तेव्हा. अर्जाला कोणते कागद जोडायचे हे ती आधी मामीला विचारून गेली होती.

कारण मामीचं हे एक नवीनच सुरू झालं होतं. एजंटनं तिच्या पत्राची प्रत आपल्या टेबलाच्या काचेखाली सरकवली. त्याच्याकडे कुणाचा माल अडकला, शिवणयंत्राच्या सुया म्हणा, प्रयोगशाळेच्या नळ्या म्हणा, की तो आधी त्या माणसाला मामीकडे पाठवतो. माणूस रडवेला होऊन येतो, पंचवीस कागद घेऊन. मामी डोळ्यांचे ट्रे बाजूला करते, कागद टेबलावर पसरते आणि एकेक उचलून विचारते, "हा काय सांगतो?" तो सांगायला लागतो. निम्म्या कागदांपाशी त्यालाच काही सांगता येत नाही. उरलेल्यांत बहुतेक वेळा त्याची स्वतःची एखादी चूक सापडते, आणि मामी म्हणते, "ही आधी लिहा." काहींना ते पटतं. एक व्यापारी रागावून उठून गेला होता, दोन आठवड्यांनी परत आला.

त्याबद्दल ती काही घेत नाही. मामा म्हणतो, घ्यायला हवं. तो हल्ली बराच वेळ आपल्या वीस मांजरांत गुंतलेला असतो. अकरा झाली, नऊ राहिली. पुढच्या वर्षीच्या मागणीचा कागद त्यानं परवा मामीच्या टेबलावर आणून ठेवला, उघडा, नीट दिसेल असा. मामीनं वाचला.

"घुबडं?" ती म्हणाली.

"सहाच जोड्या," मामा म्हणाला. "आणि या वेळी तुझ्याच इन्व्हॉइसवर, वेगळी ओळ करून."

मामीनं पेन घेतलं, "घुबड" च्या आधी "खेळण्यातले" असं लिहिलं, आणि कागद मला टाइप करायला दिला.